फायबर, कॉपर, रेडिओ: फिजिकल लेयरच्या पेपरात तुलना आणि गणित कोणत्या क्रमाने करायचे

फिजिकल लेयरच्या पेपरात ट्रान्समिशन मीडियावर प्रश्न येतो आणि बहुतेकांचे मार्क एकाच जागी जातात. तीन रकान्यांचा तक्ता पाठ असतो: फायबरचे ॲटेन्युएशन कमी, कॉपरचे जास्त, रेडिओचे त्याहून जास्त. तोवर ठीक चाललेले असते. मग प्रश्नाच्या दुसऱ्या भागात अंतर, फ्रिक्वेन्सी आणि पॉवर देऊन कोणते माध्यम चालेल ते सिद्ध करा म्हटले की तो तक्ता कामाला येत नाही. तिन्ही माध्यमांत सिग्नल क्षीण होतो, पण तिथे लागू होणारे नियम वेगळे आहेत, आणि तक्ता नेमके तेच सांगत नाही.

म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे. पन्हाळ्यावरच्या एका इमारतीतून कोल्हापूर शहरात डेटा आणायचा आहे. रस्त्याने हे अंतर साधारण २० किमी. सरळ रेषेत ते कमी भरते, गणिताच्या सोयीसाठी १६ किमी धरू. फायबर रस्त्याच्या कडेने येणार, म्हणून त्याची लांबी २० किमी. रेडिओ हवेतून सरळ येणार, म्हणून १६. दोन माध्यमांना दोन वेगळी अंतरे लावायची आहेत हे पहिल्याच ओळीत लिहून टाका. घाईत तिन्हीकडे एकच आकडा घालणारे बरेच असतात.

## टप्पा १: पेन उचलण्याआधीची तयारी

रफ कामाच्या जागेत आधी ही चार सूत्रे लिहून घ्या. पहिले कोणत्याही लॉसचे, दुसरे मोकळ्या हवेतल्या रेडिओ लॉसचे, तिसरे रिसीव्हरच्या नॉइजचे आणि चौथे शॅननचे, म्हणजे कमाल डेटा रेटचे. बी म्हणजे बॅन्डविड्थ, एनएफ म्हणजे रिसीव्हरची नॉइज फिगर.

```
Loss (dB)  = 10 log10(Pin / Pout)
FSPL (dB)  = 32.44 + 20 log10(d km) + 20 log10(f MHz)
N (dBm)    = -174 + 10 log10(B Hz) + NF
C (bps)    = B log2(1 + S/N)
```

दुसऱ्या सूत्रात अंतर किलोमीटरमध्ये आणि फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्येच घालायची. ५.८ गिगाहर्ट्झ दिले असेल तर ५८०० लिहा. ५.८ घातले तर उत्तर बरोबर ६० डीबीने कमी येते आणि रेडिओ लिंक अशक्य चांगली दिसू लागते. चौथ्या सूत्रात याच्या उलट आहे. तिथे एस-भागिले-एन डीबीमध्ये घालायचे नाही, साधे गुणोत्तर घालायचे.

डीबी आणि डीबीएम यांतला फरकही इथेच पक्का करा. डीबीएम ही पॉवर आहे, एक मिलिवॉट म्हणजे शून्य डीबीएम. डीबी हे दोन पॉवरचे गुणोत्तर. डीबीएममधून डीबी वजा केले की डीबीएम मिळते, हे चालते. डीबीएममध्ये डीबीएम सरळ मिळवणे चालत नाही. दोन पॉवरची बेरीज करायची असेल तर आधी मिलिवॉटमध्ये यायचे, बेरीज करायची आणि मग परत जायचे. पुढे इंटरफिअरन्सच्या टप्प्यात हे लागणार आहे.

तपासा: पॉवर दुप्पट म्हणजे ३ डीबी, दहापट म्हणजे १० डीबी, अंतर दुप्पट झाले की रेडिओत ६ डीबी. ही तीन मोजमापे डोक्यात असली तर कॅल्क्युलेटरवर चुकलेले बटण लगेच कळते.

## टप्पा २: माध्यम गाइडेड आहे की अनगाइडेड ते ठरवा

सगळ्या तुलनेचा पाया हाच टप्पा आहे, तो सावकाश वाचा.

तारेत किंवा काचेत सिग्नल बंदिस्त असतो. प्रत्येक किलोमीटरला उरलेल्या पॉवरचा ठरावीक हिस्सा माध्यम खाऊन टाकते. पहिल्या किलोमीटरला निम्मी गेली तर दुसऱ्या किलोमीटरला उरलेल्याची निम्मी जाते. डीबीच्या भाषेत याचा अर्थ सरळ आहे: लॉस अंतराच्या प्रमाणात वाढतो. १० किमीला ३.५ डीबी असेल तर २० किमीला ७. म्हणूनच फायबर आणि कॉपरचे ॲटेन्युएशन डीबी-प्रति-किमी किंवा डीबी-प्रति-१००-मीटर असे देता येते.

रेडिओत मोकळी हवा सिग्नल जवळपास खातच नाही. सिग्नल पसरतो. ॲन्टेनापासून जितके दूर जावे तितक्या मोठ्या गोलाकार पृष्ठभागावर तीच पॉवर वाटली जाते आणि समोरची ॲन्टेना त्यातला तिच्या वाट्याला येणारा तुकडाच पकडते. गोलाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढते, त्यामुळे अंतर दुप्पट झाले की पॉवर चौथाई होते, म्हणजे ६ डीबी कमी. मग अंतर १ किमीवरून २ होवो की १०० वरून २००, घट ६ डीबीच.

वर्गात हमखास येणारा प्रश्न असा: "सर, ५.८ गिगाहर्ट्झला एका किलोमीटरलाच १०८ डीबी जातात. मग १६ किलोमीटरला सतराशेच्या वर?" नाही. १०८ हा प्रति-किलोमीटर दर नाही. सूत्रात ०.००१ किमी घालून पाहा. पहिल्या एका मीटरपर्यंतच सुमारे ४८ डीबी होतात आणि उरलेले ६० डीबी पुढच्या ९९९ मीटरमध्ये. एकवरून सोळावर जायला अंतर चार वेळा दुप्पट करावे लागते: दोन, चार, आठ, सोळा. चार वेळा ६ म्हणजे २४. १०८ मध्ये २४ मिळवून १३२ डीबी. एवढेच.

यातून निघणारा निष्कर्ष उत्तरपत्रिकेत लिहिण्याजोगा आहे. १६ किमीवरून ३२ किमीवर जाताना १३१० नॅनोमीटरच्या फायबरमध्ये ५.६ डीबी वाढतात, रेडिओत ६. दोघे जवळपास सारखे. ३२ वरून ६४ वर जाताना फायबरमध्ये ११.२ वाढतात, रेडिओत पुन्हा ६ च. सुमारे ३६,००० किमी उंचीवरच्या उपग्रहापासून १२ गिगाहर्ट्झला लॉस साधारण २०५ डीबी येतो, आणि तेवढी तूट मोठ्या डिश भरून काढतात. तेवढ्याच लांबीचे फायबर ०.२ डीबी-प्रति-किमी दराने ७,२०० डीबी खाईल. त्यामुळे 'रेडिओचे ॲटेन्युएशन सर्वांत जास्त' हे वाक्य अंतर न सांगता लिहिले तर अर्धवट आहे. कमी अंतराला ते खरे आहे, फार लांब अंतराला उलटे होते. फायबर महासागर ओलांडते ते वाटेत ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर असतात म्हणून.

सावधान: रेडिओच्या उत्तरात 'डीबी प्रति किमी' असे एकक दिसले की परीक्षकाला मूळ कल्पनाच कळलेली नाही असे वाटते. मुख्य अपवाद पावसामुळे होणारा जादा लॉस. तो खरोखर डीबी-प्रति-किमी मोजतात.

## टप्पा ३: फ्रिक्वेन्सी वाढली की काय होते ते माध्यमागणिक लिहा

कॉपर. जास्त फ्रिक्वेन्सीचा करंट तारेच्या पृष्ठभागालगतच वाहतो. यालाच स्किन इफेक्ट म्हणतात. तांब्यात १ मेगाहर्ट्झला ही खोली सुमारे ६६ मायक्रोमीटर असते, १०० मेगाहर्ट्झला अवघी ६.६. तार तेवढीच जाड राहते, पण करंटला मिळणारी जागा आक्रसते आणि रेझिस्टन्स वाढतो. म्हणून ॲटेन्युएशन ढोबळमानाने फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढते. कॅट ५ई केबलचे १०० मीटरचे आकडे याला साक्ष आहेत: ४ मेगाहर्ट्झला ४.१ डीबी, १६ मेगाहर्ट्झला ८.२. फ्रिक्वेन्सी चौपट, लॉस दुप्पट. १०० मेगाहर्ट्झला नुसत्या वर्गमुळाने २०.५ यायला हवे, प्रत्यक्षात २२ येतात. वरचा दीड डीबी मुख्यतः तारेभोवतीच्या प्लास्टिकच्या इन्सुलेशनचा. तो फ्रिक्वेन्सीच्या सरळ प्रमाणात वाढतो.

फायबर. इथे फ्रिक्वेन्सीऐवजी वेव्हलेंग्थ बोलतात. काचेच्या अंतर्रचनेतल्या अतिसूक्ष्म असमानतेवर प्रकाश विखुरतो, हे रॅले स्कॅटरिंग. ते वेव्हलेंग्थच्या चौथ्या घाताने कमी होते, म्हणून १३१० नॅनोमीटरला सुमारे ०.३५ डीबी-प्रति-किमी असलेला लॉस १५५० ला ०.२ वर येतो. त्याच्याही पुढे गेलो तर काच स्वतःच इन्फ्रारेड शोषू लागते आणि लॉस पुन्हा चढतो. १५५० ची खिडकी या दोन चढांच्या मधल्या दरीत आहे. पण एक मुद्दा वेगळा लिहा: तुम्ही पाठवलेला डेटा १०० मेगाबिट असो की १० गिगाबिट, फायबरचा डीबीतला लॉस तोच राहतो. कॉपरशी तुलना करताना हा सर्वांत वजनदार फरक आहे.

रेडिओ. सूत्रात फ्रिक्वेन्सीचेही २० लॉग आहे, त्यामुळे हवा जास्त फ्रिक्वेन्सी जास्त शोषते असे विद्यार्थी लिहितात. या सूत्रात हवेचे शोषण मुळी धरलेलेच नाही. गेन तेवढाच ठेवून फ्रिक्वेन्सी वाढवली तर ॲन्टेनाचे प्रभावी क्षेत्रफळ लहान होते आणि ती कमी पॉवर गोळा करते, म्हणून तो घटक येतो. पावसाची गोष्ट निराळी. साधारण १० गिगाहर्ट्झच्या वर मुसळधार पावसाचे थेंब सिग्नल लक्षणीय प्रमाणात खातात आणि विखुरतात. पन्हाळ्याच्या बाजूला जुलैत कसा पाऊस लागतो ते कोल्हापूरकराला सांगायला नको. तिथे १८ किंवा २३ गिगाहर्ट्झची लांब लिंक टाकायची तर पावसाचा वेगळा मार्जिन ठेवावाच लागतो. ५.८ ला पावसाचा थेट परिणाम थोडाच असतो. त्या बॅन्डमध्ये मधे आलेली ओली झाडी जास्त त्रास देते.

तपासा: तुमच्या उत्तरात फ्रिक्वेन्सीच्या परिणामाची तीन वेगळी कारणे आली का? कॉपरला स्किन इफेक्ट, फायबरला स्कॅटरिंग, रेडिओला ॲन्टेनाचे क्षेत्रफळ. तिन्हीकडे 'फ्रिक्वेन्सी वाढली की लॉस वाढतो' एवढेच असेल तर परत लिहा.

## टप्पा ४: बॅन्डविड्थ कशाने अडते ते सांगा

इथे 'किती' याआधी 'कशामुळे' यावे.

कॉपरची बॅन्डविड्थ वर पाहिलेल्या ॲटेन्युएशननेच अडते. त्यामुळे ती लांबीवर अवलंबून आहे. तीच तांब्याची जोडी १०० मीटरला १०० मेगाहर्ट्झ पेलते आणि टेलिफोनच्या आवाजाच्या फ्रिक्वेन्सीला काही किलोमीटर चालते. लांबी न सांगता कॉपरची बॅन्डविड्थ लिहिणे म्हणजे अर्धे उत्तर.

फायबरमध्ये आधी अडवते ती डिस्पर्शन. मल्टिमोड फायबरमध्ये प्रकाश अनेक वाटांनी जातो, काही किरण लवकर पोहोचतात, काही उशिरा, आणि पल्स पसरून शेजारच्या पल्समध्ये मिसळते. म्हणून त्याचा आकडा मेगाहर्ट्झ-किलोमीटरमध्ये देतात. ५०० मेगाहर्ट्झ-किमीचे फायबर २ किमी टाकले तर २५० मेगाहर्ट्झ उरतात. गुणाकार कायम, म्हणून भागायचे. सिंगलमोडमध्ये वाट एकच असते, पण लेझरच्या प्रकाशातल्या वेगवेगळ्या वेव्हलेंग्थ वेगवेगळ्या वेगाने जातात. नेहमीच्या सिंगलमोड फायबरमध्ये ही क्रोमॅटिक डिस्पर्शन १३१० च्या आसपास जवळपास शून्य असते आणि १५५० ला प्रति नॅनोमीटर प्रति किमी सुमारे १७ पिकोसेकंद. म्हणजे लॉससाठी १५५० चांगली आणि डिस्पर्शनसाठी १३१० चांगली. 'कोणती वेव्हलेंग्थ निवडाल आणि का' या प्रश्नाचे उत्तर या ओढाताणीतच आहे. क्षमतेचा अंदाज द्यायचा असेल तर १५३० ते १५६५ नॅनोमीटर हा एकच पट्टा सुमारे ४.४ टेराहर्ट्झ रुंद आहे.

रेडिओत हवा अडवत नाही, वाटणी अडवते. स्पेक्ट्रम सगळ्यांचा मिळून एकच आहे, त्यातला २० किंवा ४० मेगाहर्ट्झचा चॅनल तुमच्या वाट्याला येतो. दुसरे फायबर टाकले की क्षमता दुप्पट होते. त्याच गावात, त्याच दिशेने, त्याच चॅनलवर दुसरी रेडिओ लिंक टाकली तर दोघांचीही घटते.

सावधान: बॅन्डविड्थ हर्ट्झमध्ये आणि डेटा रेट बिट-प्रति-सेकंदात. एकाच्या जागी दुसरे लिहू नका. दोघांना जोडणारे सूत्र शॅननचे, आणि त्यात एसएनआर, म्हणजे सिग्नल आणि नॉइज यांचे गुणोत्तर, लागतो. तो इंटरफिअरन्सशिवाय ठरत नाही, म्हणून पुढचा टप्पा.

## टप्पा ५: इंटरफिअरन्स कुठून येतो ते वेगळे करा

कॉपरमध्ये दोन स्रोत आहेत आणि ते एकत्र करू नयेत.

पहिला बाहेरचा. उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपची कल्पना करा. थ्री-फेज मोटरच्या केबलला बांधूनच नेटवर्कची केबल नेली आहे. मोटर सुरू झाली किंवा शेजारी वेल्डिंग लागले की डेटात एरर येतात, यंत्र थांबले की जातात. ट्विस्टेड पेअरचा इलाज असा की पीळ दिल्यामुळे जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच नॉइज चढतो. रिसीव्हर दोन तारांमधला फरक वाचतो आणि समान भाग वजाबाकीत निघून जातो. पीळ जिथे बिघडतो तिथे ही वजाबाकी अपुरी पडते.

दुसरा स्रोत केबलच्या आतला, म्हणजे क्रॉसटॉक. याला यंत्राची गरज नाही. तुमच्याच टोकाला एका जोडीवर जोरदार सिग्नल पाठवला जातोय आणि शेजारच्या जोडीवर १०० मीटरवरून थकून आलेला सिग्नल वाचायचा आहे. पाठवलेल्याचा थोडा भाग शेजारी गळतो, तो नियर एंड क्रॉसटॉक. कॅट ५ई केबलला १०० मेगाहर्ट्झला ही गळती मूळ सिग्नलपेक्षा किमान ३५.३ डीबी खाली असावी लागते. समोरून येणारा सिग्नल २२ डीबी खाली आलेला आहे. दोन्हींतला फरक १३.३ डीबी, आणि रिसीव्हरला काम करायला एवढेच अंतर शिल्लक आहे. इथे उलटे वाचण्याची चूक फार होते. क्रॉसटॉकचा डीबीतला आकडा जितका मोठा तितके चांगले, ॲटेन्युएशनचा जितका लहान तितके चांगले.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर आरजे-४५ प्लग जवळून बघा. घाईत बसवलेल्या प्लगमध्ये जोड्यांचे पीळ तीन-चार सेंटिमीटर उलगडलेले दिसतात, तारा शेजारी शेजारी सरळ पडलेल्या असतात. कॅट ५ई ला हे उलगडणे १३ मिलिमीटरच्या आत हवे. तेवढ्या एका जागी सगळ्या केबलचा क्रॉसटॉक बिघडू शकतो, आणि १० मेगाबिटला उत्तम चाललेली लाइन गिगाबिटला अडखळते.

फायबरला विजेच्या किंवा चुंबकीय क्षेत्राचा त्रास नाही. काच विद्युतवाहक नाही आणि प्रकाशाचा वाहक बाहेरच्या करंटला दाद देत नाही. मात्र 'फायबरमध्ये नॉइज नसतो' असे लिहू नका. रिसीव्हरच्या फोटोडायोड आणि ॲम्प्लिफायरचा नॉइज असतोच, आणि म्हणूनच त्याला किमान पॉवर लागते. फायबरचा खरा शत्रू म्हणजे वाकणे आणि घाणेरडा कनेक्टर. जोरात वाकवलेल्या फायबरमधून १५५० चा प्रकाश १३१० पेक्षा जास्त बाहेर सांडतो. त्यामुळे दोन्ही वेव्हलेंग्थने मोजून १५५० चा लॉस जास्त आला तर कुठेतरी केबल मुडपली आहे असे समजायचे. निरोगी लाइनमध्ये १५५० चा कमीच यायला हवा. आणखी एक बारीक मुद्दा: आर्मर्ड फायबर केबलवर स्टीलचे कवच असते. वीज पडली तर सिग्नलला काही होत नाही, पण त्या कवचातून करंट आत येऊ शकतो, म्हणून कवचाला अर्थिंग लागते.

रेडिओला इंटरफिअरन्स सर्वांत जास्त, कारण माध्यमाला भिंतच नाही. त्याच चॅनलवरचा दुसरा ट्रान्समीटर हा एक प्रकार. इमारतींवरून किंवा पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन उशिरा आलेला स्वतःचाच सिग्नल, म्हणजे मल्टिपाथ, हा दुसरा. पहिल्यात पॉवर वाढवून काही काळ सुटका होते, पण शेजारीही वाढवतो. दुसऱ्यात पॉवर वाढवून उपयोगच नाही, कारण परावर्तित सिग्नलही त्याच प्रमाणात वाढतो.

## टप्पा ६: पन्हाळा ते कोल्हापूर, पूर्ण गणित

आता तिन्ही माध्यमे याच क्रमाने लावू. आधी कॉपर, कारण ते एका ओळीत निकालात निघते.

कॉपर. १०० मेगाहर्ट्झला १०० मीटरला २२ डीबी, २० किमीत असे २०० तुकडे. एकूण ४,४०० डीबी. हे अशक्य का, तेही लिहा. एक वॉट म्हणजे ३० डीबीएम. खोलीच्या तापमानाला एका हर्ट्झमधला थर्मल नॉइज −१७४ डीबीएम. दोन्हींतले अंतर २०४ डीबी. तारेत ॲन्टेनासारखा गेनही मिळत नाही. मग २०४ च्या पुढचा लॉस असेल तर एक वॉटचा सिग्नल एका हर्ट्झच्या नॉइजमध्येही बुडालेला असणार. नुसते 'फार जास्त' लिहिण्यापेक्षा ही मर्यादा दाखवणे कितीतरी चांगले.

फायबर. १३१० नॅनोमीटर घेऊ. केबल २-२ किमीच्या ड्रममध्ये येते असे धरू. म्हणजे दहा तुकडे, त्यांच्यात नऊ स्प्लाइस, आणि दोन्ही टोकांना पिगटेल जोडायला आणखी दोन. एकूण अकरा. प्रत्येकी ०.१ डीबी धरला आणि दोन कनेक्टर प्रत्येकी ०.५ डीबी.

```
Fibre       20 x 0.35 = 7.0 dB
Splices     11 x 0.1  = 1.1 dB
Connectors   2 x 0.5  = 1.0 dB
Total                 = 9.1 dB
Tx -3 dBm, Rx = -12.1 dBm
Sensitivity -20 dBm, margin = 7.9 dB
```

पाठवण्याची पॉवर आणि रिसीव्हरची सेन्सिटिव्हिटी प्रश्नात दिलेली असते, इथे नमुन्यादाखल घेतली आहे. पुढे कधी रस्ता खणताना केबल तुटली तर दुरुस्तीचे जादा स्प्लाइस येणार, म्हणून ३ डीबी राखून ठेवले तरी ४.९ उरतात. लिंक चालते. दहा तुकड्यांना दहाच स्प्लाइस लिहिणे आणि टोकांचे पिगटेल विसरणे, या दोन चुका इथे नेहमी होतात.

रेडिओ. ५.८ गिगाहर्ट्झ, २० मेगाहर्ट्झचा चॅनल, पन्हाळ्याच्या उंचीमुळे समोरासमोर नजर पोहोचते असे धरू. ट्रान्समिट पॉवर १२ डीबीएम, दोन्ही ॲन्टेना २५ डीबीआयच्या, दोन्हीकडे केबलचा १-१ डीबी लॉस. रिसीव्हरची नॉइज फिगर ६ डीबी.

```
FSPL = 32.44 + 24.08 + 75.27 = 131.8 dB
Rx   = 12 - 1 + 25 - 131.8 + 25 - 1 = -71.8 dBm
N    = -174 + 73 + 6 = -95 dBm
SNR  = 23 dB (approx.) = 200
C    = 20 x log2(201) = 153 Mbps
```

शेवटच्या ओळीत २०० च्या जागी २३ घातले तर उत्तर सुमारे ९२ येते. दिसायला ते पटण्यासारखेच असल्याने चूक लक्षात येत नाही, म्हणून ही पायरी दोनदा पाहा. कॅल्क्युलेटरवर बेस २ चा लॉग नसेल तर बेस १० चा लॉग काढून ०.३०१ ने भागा.

आता इंटरफिअरन्स आणा. शहरातल्या दुसऱ्या कोणाची तरी लिंक त्याच चॅनलवर आहे आणि तिचा सिग्नल आपल्या रिसीव्हरला −८५ डीबीएमने येतो. नॉइज −९५ आणि इंटरफिअरन्स −८५, बेरीज मिलिवॉटमध्ये करून −८४.६ येते. म्हणजे नॉइज १०.४ डीबीने वाढला, आणि वर धरलेल्या २३ डीबीतून गुणोत्तर उरले १२.६ डीबी, म्हणजे १८.२ पट. क्षमता सुमारे ८५ मेगाबिट. अंतर तेच, पॉवर तीच, ॲटेन्युएशन तेच, तरी डेटा रेट जवळपास निम्मा. ॲटेन्युएशन, बॅन्डविड्थ आणि इंटरफिअरन्स हे तीन वेगळे रकाने नसून एकाच गणितात येतात, ते दाखवायला परीक्षेत यापेक्षा चांगली जागा नाही.

चॅनल ४० मेगाहर्ट्झचा केला तर क्षमता दुप्पट होईल का? इंटरफिअरन्स नसताना पाहू. बॅन्डविड्थ दुप्पट झाली की नॉइजही ३ डीबीने वाढून −९२ होतो आणि एसएनआर २० डीबीवर येतो. ४० गुणिले लॉग बेस २ ऑफ १०१ म्हणजे २६६ मेगाबिट. १५३ च्या दुपटीला, ३०६ ला, पोहोचत नाही. 'बॅन्डविड्थ दुप्पट, क्षमता दुप्पट' असे विधान बरोबर की चूक विचारले तर हे दोन आकडे लिहा.

तपासा: रेडिओच्या उत्तरात रिसीव्ह पॉवर साधारण −३० ते −९० डीबीएमच्या दरम्यान आली का? −३० च्या बरीच वर गेली तर बहुधा मेगाहर्ट्झच्या जागी गिगाहर्ट्झ गेले आहेत. −९० च्या बरीच खाली गेली तर ॲन्टेनाचे गेन मिळवायचे राहिले आहेत किंवा वजा झाले आहेत.

## टप्पा ७: उत्तर लिहिण्याचा क्रम

प्रश्न 'तुलना करा' एवढाच असेल तर तक्ता काढा, पण प्रत्येक चौकटीत आकड्याआधी कारण लिहा. ॲटेन्युएशनच्या ओळीत कॉपर आणि फायबरला 'डीबी अंतराच्या प्रमाणात' आणि रेडिओला 'अंतर दुप्पट, ६ डीबी जास्त'. बॅन्डविड्थच्या ओळीत अनुक्रमे ॲटेन्युएशन, डिस्पर्शन आणि स्पेक्ट्रमची वाटणी. इंटरफिअरन्सच्या ओळीत कॉपरला क्रॉसटॉक व बाहेरचा नॉइज, फायबरला फक्त रिसीव्हरचा नॉइज, रेडिओला सहचॅनल व मल्टिपाथ. नऊ चौकटी, नऊ कारणे. आकडे त्यानंतर, आणि प्रत्येक आकड्यासोबत त्याची अट: कॉपरला लांबी आणि फ्रिक्वेन्सी, फायबरला वेव्हलेंग्थ, रेडिओला अंतर आणि फ्रिक्वेन्सी. अट नसलेला आकडा बरोबर असूनही अपुरा ठरतो.

प्रश्न 'कोणते माध्यम निवडाल' असा असेल तर आधी गणित, मग निवड. आपल्या उदाहरणात १ गिगाबिट हवे असेल तर फायबर, कारण या रेडिओ लिंकची कमाल मर्यादाच १५३ मेगाबिट आहे. ५० मेगाबिट पुरत असतील तर रेडिओ चालतो, वर धरलेल्या इंटरफिअरन्सनंतरही सिद्धांतातले ८५ उरतात. खरी उपकरणे शॅननच्या मर्यादेपेक्षा खालीच थांबतात, म्हणून ८० मेगाबिट मागितले असतील तर रेडिओला हो म्हणू नका.

डिलेचा उपप्रश्न जोडून येतो, तोही याच आकड्यांवर सुटतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो, म्हणजे २० किमीला १०० मायक्रोसेकंद. रेडिओ हवेतून ३ लाखांच्या वेगाने जातो, १६ किमीला सुमारे ५३. 'फायबर वेगवान' असे लिहायचे असेल तर डेटा रेटबद्दल लिहा, प्रॉपगेशनबद्दल नाही.